आरसी सर्किटला स्क्वेअर वेव्ह दिली: कागदावर ३.१६ व्होल्ट, डीएसओवर ३.६२. चूक कुठे?

मुक्ता_एसई | मंगळवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. दुसऱ्या वर्षाला आहे, ईअँडटीसी. एम-थ्रीला पिरिऑडिक फंक्शनचा लाप्लास झाला आणि त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला आरसी लो-पास आलं, म्हणून म्हटलं दोन्ही जुळवून बघू. जुळत नाहीये.

ब्रेडबोर्डवर १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला. म्हणजे आरसी बरोबर १ मिलिसेकंद. फंक्शन जनरेटरवरून ० ते ५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह, ५०० हर्ट्झ. म्हणजे १ मिलिसेकंद वर, १ मिलिसेकंद खाली. आउटपुट कपॅसिटरवर.

कागदावर केलेलं:

```
T = 2 ms,  a = 1/RC = 1000
F(s) = 5 / [ s (1 + e^(-sT/2)) ]
Y(s) = 5a / [ s (s+a) (1 + e^(-sT/2)) ]
```

इथपर्यंत ठीक वाटतंय. पुढे पार्शल फ्रॅक्शन करताना तो `(1 + e^(-sT/2))` कुठे टाकायचा ते कळेना. मग तो बाजूला ठेवून फक्त `5a/[s(s+a)]` उलटवलं. आलं `5(1 - e^(-1000t))`. १ मिलिसेकंदाला ३.१६ व्होल्ट, तिथून पुढच्या १ मिलिसेकंदात उतरून १.१६.

डीएसओ म्हणतो कमाल ३.६२ आणि किमान १.३३. लॅबमध्ये विचारलं तर "कपॅसिटरचा टॉलरन्स असेल" म्हणाले आणि जर्नलवर सही झाली. टॉलरन्सने वरचं टोकही वाढलं आणि खालचंही वाढलं, हे पटत नाही. सही आहे, पण झोप नाही.

---

बार्शीकर | मंगळवार, रात्री ११:४०

स्क्वेअर वेव्हचा धागा दिसला म्हणून आलो. आमच्याकडे जुना इन्व्हर्टर आहे, स्क्वेअर वेव्हवाला. लाईट गेली की पंखा घुंईऽऽ करत राहतो, रेग्युलेटर दोनवर ठेवला की जास्तच. त्याला पुढे कपॅसिटर लावून लाट गोल करता येईल का? किती मायक्रोफॅरडचा घ्यावा?

---

जुना_रेझिस्टर | बुधवार, सकाळी ६:०५

बार्शीकर, तसलं काही करू नका. इन्व्हर्टरच्या आउटपुटला थेट कपॅसिटर टाकला तर प्रत्येक उभ्या कडेला त्यात मोठा करंट घुसेल आणि आतले मॉसफेट जातील. घुंई येते ती लाटेतल्या १५०, २५० हर्ट्झच्या भागांमुळे. शिवाय पंख्यात दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटर असतो, त्यामुळे तो फर्स्ट ऑर्डर नाहीच. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मुक्ता, टॉलरन्सची शंका तू बरोबर घेतलीस. कपॅसिटर मोठा असता तर लाट दबली असती, म्हणजे वरचं टोक खाली आणि खालचं वर. लहान असता तर उलट. दोन्ही टोकं एकाच दिशेला सरकली आहेत, हे कपॅसिटरचं काम नव्हे.

तुझा F(s) बरोबर, Y(s) पण बरोबर. तू उलटवलंस ती रिकाम्या कपॅसिटरची पहिली चढण. ३.१६ हा आकडा खरा आहे, पण तो जनरेटर चालू केल्यावर एकदाच येतो. दुसऱ्या चढणीला कपॅसिटर रिकामा नसतो, त्यात १.१६ शिल्लक असतात. मग तो तिथून चढतो आणि ३.५९ पर्यंत जातो. त्याच्या पुढची चढण १.३२ वरून. असं वर सरकत सरकत ते एका जागी बसतं. डीएसओचा ट्रिगर लागून तुझ्या डोळ्यांना चित्र दिसेपर्यंत शेकडो आवर्तनं होऊन गेलेली असतात, त्यामुळे तुला फक्त बसलेली लाट दिसते.

तो जो `(1 + e^(-sT/2))` तू बाजूला ठेवलास, ही सगळी शिल्लक त्याच्यात आहे. छेदातून वर आणला तर `1 - e^(-sT/2) + e^(-2sT/2) - ...` अशी न संपणारी माळ होते. प्रत्येक मणी म्हणजे अर्ध्या आवर्तनाने उशिरा आलेली एक पायरी, एकदा वर, एकदा खाली. तू माळेतला पहिलाच मणी घेतलास.

संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर एवढंच बघ की Y(s) ला पोल किती आहेत.

---

अभि_कंट्रोल | बुधवार, सकाळी ९:३०

एवढं कशाला? स्टेडी स्टेट हवंय ना, फायनल व्हॅल्यू थिअरम लावा. s ने गुणा, s शून्याकडे न्या:

```
s·Y(s) → 5a / [ a · 2 ] = 2.5
```

म्हणजे शेवटी आउटपुट २.५ व्होल्टला स्थिरावतं. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरला हे दोन मार्कांना येतं.

---

मुक्ता_एसई | बुधवार, सकाळी १०:०२

पण स्थिरावत नाहीये ना! समोर लाट दिसते आहे, १.३३ ते ३.६२.

---

अभि_कंट्रोल | बुधवार, सकाळी १०:१५

मग जनरेटरची फ्रिक्वेन्सी वाढव, लाट लहान होत जाईल आणि २.५ वर येईल. म्हणजे थिअरम बरोबरच आहे, तुझी फ्रिक्वेन्सी कमी आहे.

---

जुना_रेझिस्टर | बुधवार, सायंकाळी ७:२०

अभि, उत्तर निम्मं बरोबर आणि कारण पूर्ण चूक. फायनल व्हॅल्यू थिअरम कधी लावायचा, तर s·Y(s) चे सगळे पोल डाव्या अर्ध्या पटलात असतील तेव्हा. इथे `1 + e^(-sT/2) = 0` कुठे होतं बघ: `s = ±jω₀, ±j3ω₀, ±j5ω₀...`, जिथे ω₀ म्हणजे 2π/T. अख्खी रांग काल्पनिक अक्षावर उभी आहे. तिथे थिअरम बंद. फ्रिक्वेन्सी कितीही वाढवलीस तरी पोल त्या अक्षावरच राहतात, फक्त लांब जातात, आणि लाट लहान होते पण मरत नाही.

२.५ हा आकडा मात्र फुकट गेला नाही. s = 0 या पोलचा तो रेसिड्यू आहे, म्हणजे लाटेची सरासरी. मुक्ताच्या डीएसओवर मीन लावलं तर साधारण तेवढंच दिसेल. स्थिरावण्याची किंमत आणि सरासरी या दोन गोष्टी थिअरमने तुझ्याकडून एक करून घेतल्या.

आता मुक्तासाठी.

Y(s) ला पोल अनंत आहेत. म्हणून घाबरून मुलं एक तर तुझ्यासारखं तो घटक सोडतात, नाही तर एकेका पोलचा रेसिड्यू काढत बसतात आणि त्यांना फुरिए सिरीज मिळते, जी बेरीज कधी संपत नाही. दोन्हीची गरज नाही. पोल कुणाचे आहेत ते बघायचं. `s = -a` हा एकटा सर्किटचा. बाकीचे सगळे, शून्यावरचा धरून, इनपुटचे. सर्किटच्या पोलमधून येणारा भाग e^(-at) सारखा मरून जातो. इनपुटच्या पोलमधून येणारा भाग म्हणजे डीसी आणि ५०० हर्ट्झच्या विषम पटी, तो दर २ मिलिसेकंदांनी जसाच्या तसा परत येणारच.

म्हणजे आउटपुट = मरणारा भाग + फिरून येणारा भाग. फिरून येणाऱ्याचं फक्त एक आवर्तन कळलं की काम झालं. आणि पहिल्या अर्ध्या आवर्तनात पूर्ण आउटपुट तुला आधीच माहीत आहे, तूच काढलंस: `5(1 - e^(-at))`. त्यातून मरणारा भाग वजा कर. उरेल तो डीएसओवरचा. मरणाऱ्या भागाला फक्त एक रेसिड्यू लागतो, `s = -a` ला. तो तू काढ.

---

मुक्ता_एसई | बुधवार, रात्री ९:४८

काका, जमलं! `s = -a` ला रेसिड्यू:

```
5a / [ (-a)(1 + e^(-1)) ] = -5/1.368 = -3.655
```

३.६५५! डीएसओवर ३.६२ आहे. आला आकडा!

---

जुना_रेझिस्टर | बुधवार, रात्री १०:१०

आकडा आला, पण चुकीच्या दाराने. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिची ओळख ठेवतो. वजाबाकी पूर्ण कर आणि चढणीची दोन्ही टोकं लिही.

---

मुक्ता_एसई | बुधवार, रात्री १०:३१

```
5 - 5e^(-at) + 3.655e^(-at) = 5 - 1.345e^(-at)
```

t = 0 ला ३.६५५, आणि १ मिलिसेकंदाला ४.५०५. मग उतरण ४.५०५ वरून सुरू होऊन १.६५७ ला संपते. पण पुढची चढण ३.६५५ वरून सुरू व्हायला हवी. जोडच बसत नाही. कपॅसिटर उडी मारतोय.

हां. `s = -a` घातल्यावर `e^(-sT/2)` चं `e^(+aT/2)` होतं. मी वजा ठेवलं.

```
5a / [ (-a)(1 + e^(+1)) ] = -5/3.718 = -1.345
मरणारा भाग:   -1.345 e^(-1000t)
चढण:   5 - 5e^(-at) + 1.345e^(-at) = 5 - 3.655 e^(-at)
```

t = 0 ला १.३४५, १ मिलिसेकंदाला ३.६५५. उतरण ३.६५५ वरून १.३४५. आता टोकाला टोक लागतं! दोन्ही टोकांच्या मधोमध २.५ पण येतं, अभिदादाचं.

---

जुना_रेझिस्टर | बुधवार, रात्री १०:४०

आता बरोबर. पहिल्या खेपेला फसलीस ते का, हेही बघून ठेव: 5/(1+e) आणि 5/(1+1/e) यांची बेरीज बरोबर ५ होते, म्हणून चिन्ह चुकलं तरी ओळखीचेच दोन आकडे जागा बदलून समोर येतात. आकडा जुळला म्हणजे झालं असं धरायचं नाही. टोकं जुळतात का ते बघायचं.

अर्ध्या आवर्तनाची लांबी आरसीपेक्षा वेगळी असेल तिथेही हेच चालतं, फक्त e^1 च्या जागी e^(aT/2) राहील.

---

सोल्डरगन | बुधवार, रात्री ११:०५

मी लॅबमध्येच असतो (दुसऱ्या कॉलेजच्या, आधीच सांगतो). काकांनी गणित सोडवलं, पण ३.६५५ आणि ३.६२ मधला फरक कुणी बोललं नाही. मुक्ता, प्रोबवरची ती छोटी सरकपट्टी १x वर आहे का?

१x वर डीएसओ म्हणजे आउटपुटला १ मेगओहम जोडल्यासारखं. तुझ्या १० किलोओहमसोबत ते डिव्हायडर होतं. कपॅसिटरला ५ ऐवजी ४.९५ व्होल्टच दिसतात आणि आरसीपण १ वरून ०.९९ मिलिसेकंद होतो. हे आकडे घालून काकांचंच सूत्र लावलं तर कमाल ३.६३, किमान १.३२ येतं. तुझ्या ३.६२ आणि १.३३ च्या अगदी शेजारी. १०x करून बघ, आणि डीएसओच्या चॅनेल मेनूतही १०x करायला विसरू नको, नाहीतर सगळं दहापट लहान दिसेल आणि परत धागा काढशील.

---

तन्मय_गेट | गुरुवार, सकाळी ८:१५

टेबलमध्ये स्क्वेअर वेव्हचा लाप्लास `(A/s)·tanh(sT/4)` असा दिलेला असतो. मी A = 5 घालून केलं तर ट्रान्झियंट +२.३१ e^(-at) येतो आणि स्टेडी स्टेटला टोकं उणे २.३१ आणि अधिक २.३१. तुमच्याशी अजिबात जुळत नाही. मला वाटतं मुक्ताचा F(s) मुळात चुकला आहे. टेबल चुकणार नाही.

---

मुक्ता_एसई | गुरुवार, सकाळी ८:५०

तुमची लाट उणे ५ ते अधिक ५ आहे. माझी ० ते ५. A = 2.5 घ्या आणि वर 2.5/s मिळवा:

```
(2.5/s)·[1 + tanh(sT/4)] = (2.5/s)·2/(1 + e^(-sT/2)) = 5/[s(1 + e^(-sT/2))]
```

माझाच F(s) आला. (हे काल रात्री मला जमलं नसतं!)

---

तन्मय_गेट | गुरुवार, सकाळी ९:०५

अच्छा. A = 2.5 ने टोकं ±१.१५५ येतात आणि २.५ मिळवलं की ३.६५५ आणि १.३४५. ठीक, मान्य. पण मग ट्रान्झियंट? मला +१.१५५ e^(-at), तुम्हाला -१.३४५ e^(-at). चिन्हसुद्धा वेगळं! एकच लाट, फक्त २.५ ने उचललेली. दोन ट्रान्झियंट कसे?

---

अभि_कंट्रोल | गुरुवार, सकाळी ९:२०

उचलणं पण एक पायरीच आहे ना. t = 0 ला २.५ ची पायरी दिली की तिचा स्वतःचा -२.५ e^(-at) येतो. १.१५५ वजा २.५ = -१.३४५. जुळलं. (आज तरी माझं पूर्ण बरोबर आहे, काका?)

---

जुना_रेझिस्टर | गुरुवार, सकाळी ९:४५

पूर्ण बरोबर.

---

कोडमंदिर | गुरुवार, दुपारी १:३०

लाप्लासवाले लाप्लास करा, मी चार ओळी लिहिल्या. अर्ध्या आवर्तनाच्या शेवटी व्होल्टेज किती, एवढंच.

```python
from math import exp
v = 0.0
for n in range(8):
    vin = 5 if n % 2 == 0 else 0
    v = vin + (v - vin) * exp(-1)
    print(n + 1, round(v, 3))
```

येतं ते ३.१६१, १.१६३, ३.५८८, १.३२, ३.६४६, १.३४१, ३.६५४, १.३४४. म्हणजे चार आवर्तनांत बसतंच जवळजवळ. मग एवढा रेसिड्यूचा घाट कशाला, असा माझा भाबडा प्रश्न.

---

जुना_रेझिस्टर | गुरुवार, दुपारी ३:१०

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. या सर्किटला तुमचा लूप पुरतो. आता कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा करा, म्हणजे आरसी १० मिलिसेकंद. प्रत्येक फेरीत फरक फक्त e^(-०.१) ने, म्हणजे सुमारे १० टक्क्यांनी घटतो. लूप वीस-पंचवीस आवर्तनं फिरवल्यावर बसल्यासारखं दिसेल, आणि कुठे थांबायचं ते तुम्ही डोळ्यांनी ठरवणार. सूत्र एका ओळीत सांगतं: मरणारा भाग -२.३७५ e^(-100t), टोकांमधलं अंतर 5·tanh(T/4RC), म्हणजे पाव व्होल्टच्या किंचित आत. तिथे चढण-उतरण जवळपास सरळ रेषा होतात, त्रिकोणी लाट. तीच गोष्ट पीडब्ल्यूएममधून डीसी काढायला वापरतात: तरंग जितका लहान हवा, तितका आउटपुट उशिरा पोहोचतो, कारण दोन्ही त्याच आरसीवर टांगलेलं आहे.

---

कोडमंदिर | गुरुवार, दुपारी ३:४०

पीडब्ल्यूएमवरून आठवलं. माझा उनो साधारण ४९० हर्ट्झ देतो, पण ड्युटी २५ टक्के ठेवतो. मग `(1 + e^(-sT/2))` वालं चालेल का?

---

जुना_रेझिस्टर | गुरुवार, सायंकाळी ६:३०

नाही, ती सोय फक्त निम्म्या-निम्म्याला. २५ टक्क्यांना मूळ सूत्राकडे परत जा: `F = 5(1 - e^(-sDT)) / [s(1 - e^(-sT))]`. रीत तीच, रेसिड्यू एकच. मुक्ताच्या आरसीला, T = २ मिलिसेकंद धरून, कमाल २.२७५ आणि किमान ०.५०८ येईल. एक सापळा: त्यांचा मध्य १.३९ येतो, पण सरासरी १.२५ आहे. दोन्ही टोकांच्या मधोमध सरासरी असते ही तपासणी ५० टक्क्यांपुरतीच. मुक्ताने काल ती वापरली, तिथे चालली.

---

मुक्ता_एसई | शुक्रवार, दुपारी ४:२०

अपडेट. १०x केलं. कमाल ३.६६, किमान १.३४. सोल्डरगन दादा, तुमचं बरोबर निघालं.

मग मला ती पहिली ३.१६ ची चढण बघायचीच होती. डीएसओ सिंगल शॉटवर टाकला आणि जनरेटरचं आउटपुट बटण दाबलं. तीन वेळा तीन वेगळी चित्रं! एकदा पहिली चढण २ व्होल्टलाच वळली, एकदा उजवीकडे भलतंच.

---

सोल्डरगन | शुक्रवार, दुपारी ४:५०

बटण दाबलंस तेव्हा जनरेटर आतून फिरतच असतो, तू त्याला मधेच कुठेतरी पकडतेस. अर्धं आवर्तन संपता संपता पकडलंस तर चढण अर्धवटच मिळणार. बर्स्ट मोड लाव, म्हणजे कडेपासून सुरू होईल.

आणि दोन प्रयत्नांमध्ये थांब. आउटपुट बंद केल्यावर बऱ्याच जनरेटरमध्ये आतला रिले उघडतो, मग कपॅसिटरला रिकामं व्हायला फक्त प्रोबचा रस्ता. १० मेगओहम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट. पाच-सहा सेकंद थांब किंवा वायरच्या तुकड्याने कपॅसिटरचे पाय टेकव.

---

मुक्ता_एसई | शुक्रवार, सायंकाळी ६:०५

बर्स्ट लावला, दहा आवर्तनांचा. आता दर वेळी एकच चित्र येतं, पण पहिलं टोक ३.१६ नाहीच. ४.०७! दुसरं ३.७१, मग ३.६६. वरून खाली उतरत बसतंय. मी परत कुठेतरी चिन्ह चुकले असं वाटायला लागलं, पण हा तर डीएसओ आहे, त्याला चिन्ह कुठलं चुकणार.

---

जुना_रेझिस्टर | शुक्रवार, रात्री ८:१५

सुंदर! बर्स्ट सुरू होण्याआधीचा भाग दाखव. आडवी रेघ किती व्होल्टवर आहे?

---

मुक्ता_एसई | शुक्रवार, रात्री ८:२२

२.५ वर. अरे! जनरेटर थांबलेला असताना ऑफसेट देऊन बसतो. कपॅसिटर आधीच २.५ ला भरलेला.

---

तन्मय_गेट | शुक्रवार, रात्री ८:४०

थांबा थांबा. मग हा माझा ट्रान्झियंट आहे! सुरुवात २.५ ला, म्हणजे ± वाल्या लाटेची शून्यापासून सुरुवात. +१.१५५ e^(-at). १ मिलिसेकंदाला ३.६५५ + ०.४२५ = ४.०८. ३ मिलिसेकंदाला ३.६५५ + ०.०५८ = ३.७१. तंतोतंत!

---

मुक्ता_एसई | शुक्रवार, रात्री ८:५५

म्हणजे मी बोर्डवर चुकून तुमचं गणित मोजलं. :)

आणि काका, मग बसलेली लाट सुरुवातीवर अवलंबूनच नाही. कपॅसिटर १.३४५ ला ठेवून सुरू केलं तर ट्रान्झियंट शून्य? पहिल्या आवर्तनापासून बसलेली?

---

जुना_रेझिस्टर | शुक्रवार, रात्री ९:१०

होय, वर जाणाऱ्या कडेने सुरू केलंस तर. ब्रेडबोर्डवर तेवढं अचूक भरून ठेवणं सोपं नाही, पण करून बघ.

---

बार्शीकर | शुक्रवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. निम्मं कळलं. म्हणजे इन्व्हर्टर सुरू होताना पंखा पहिला एक सेकंद जास्त का घुंई करतो, ते हेच का? ट्रान्झियंट?

---

जुना_रेझिस्टर | शुक्रवार, रात्री ९:४५

बार्शीकर, मोटरचा हिशेब वेगळा आहे म्हटलं ना. वेग पकडेपर्यंत ती करंट जास्त ओढते, ते निराळंच प्रकरण. वेगळा धागा काढा हो.

---

सोल्डरगन | शनिवार, सकाळी ११:१५

३.१६ बघायचाच असेल तर बर्स्टचा स्टार्ट फेज बदलून निष्क्रिय पातळी ० वर येते का बघ. आमच्या एका जनरेटरवर येते, दुसऱ्यावर नाही, आणि दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये वाक्य एकच आहे.

---

मुक्ता_एसई | शनिवार, दुपारी १:४०

आमच्या जनरेटरवर स्टार्ट फेज फिरवला तरी रेघ २.५ वरून हलत नाही. सोमवारी कोडमंदिर दादांसारखा उनो आणून पिनवरूनच ० ते ५ देणार. डिजिटल पिन, `delayMicroseconds(1000)`. वरचं टोक पूर्ण ५ व्होल्ट मिळेल का ते मात्र लॅपटॉपच्या यूएसबीवर आहे, आमचा ४.८ च देतो असं सीनिअर म्हणतात. म्हणजे ३.१६ च्या ऐवजी ३.०३ शोधायला लागेल.

---

कोडमंदिर | शनिवार, दुपारी २:१०

`delayMicroseconds` च्या भोवती `digitalWrite` चे काही मायक्रोसेकंद वाढतात, ते धरून चाल. आणि पहिल्या कडेआधी पिन `LOW` करून सेकंदभर थांब. पिनवरून ० मिळाले की कपॅसिटर १० किलोओहममधून काही मिलिसेकंदांतच रिकामा होतो.